राइज टाइम मोजण्याआधी प्रोब आणि स्कोपची पडताळणी: गोकुळ शिरगाव येथील प्रकल्प नोंदी

कामाचे स्वरूप

सीएनसी मशीनच्या एन्कोडरसाठी आम्ही एक इंटरफेस कार्ड तयार करत आहोत. त्यातील ३.३ व्होल्टच्या क्लॉक सिग्नलचा राइज टाइम ३.५ नॅनोसेकंदांपेक्षा कमी असावा, अशी ग्राहकाची अट आहे. हा राइज टाइम रिसीव्हरजवळच्या टेस्ट पॅडवर, ०.३३ व्होल्टपासून २.९७ व्होल्टपर्यंत मोजायचा आहे. आमच्याकडे २०० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा डिजिटल स्कोप आहे. त्याचा इनपुट १ मेगाओहम आणि १५ पिकोफॅरड असून एकच चॅनेल चालू असताना तो सेकंदाला २ अब्ज नमुने घेतो. प्रोब १०एक्सचे, २०० मेगाहर्ट्झचे आहेत. हीच मोजणी अशाच साधनांवर करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

९ नोव्हेंबर

एकाच कार्डाच्या एकाच पॅडवर सकाळी १७.८ नॅनोसेकंद आणि दुपारी ४.२ नॅनोसेकंद असे दोन आकडे मिळाले. दोन्ही वेळा लहर स्थिर होती, ट्रिगर व्यवस्थित होता आणि स्कोपने कोणताही इशारा दिला नाही.

सकाळच्या आकड्याचे कारण आकड्यातच होते. स्कोपची बँडविड्थ आणि त्याचा स्वतःचा राइज टाइम यांचे नाते असे आहे:

```
t_r = 0.35 / BW
```

२० मेगाहर्ट्झसाठी हा राइज टाइम १७.५ नॅनोसेकंद येतो. चॅनेलच्या मेनूत BW Limit हा बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर आणणारा फिल्टर चालू होता. मोटर ड्राइव्हच्या कामासाठी साठवून ठेवलेला सेटअप परत बोलावला की त्याबरोबर हा फिल्टरही चालू होतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका लहान अक्षराखेरीज त्याची दुसरी कोणतीही खूण दिसत नाही. म्हणजे आम्ही कार्डाचा राइज टाइम मोजत नव्हतो, स्कोपमधल्या फिल्टरचा मोजत होतो. आता प्रत्येक मोजणीआधी फॅक्टरी सेटअप लोड करून सुरुवात करायची असे ठरवले आहे. प्रोबवरची सरकती कळ १एक्सवर राहिली तरीही असेच होते. त्या स्थितीत प्रोबची बँडविड्थ जेमतेम काही मेगाहर्ट्झ उरते.

दुपारच्या ४.२ वर मात्र विश्वास ठेवावा की नाही हे ठरवण्यासारखे काहीच हाताशी नव्हते. आकडा खरा असेल तर कार्ड नापास होते आणि सिरीज रेझिस्टर बदलावा लागतो. मोजमापाची साखळीच मंद असेल तर चांगल्या कार्डाला विनाकारण तापलेले सोल्डरिंग आयर्न लागते. त्यामुळे कार्ड बाजूला ठेवले आणि आधी प्रोब व स्कोप तपासायला घेतले.

१० नोव्हेंबर

आज फक्त कॉम्पेन्सेशन केले. १०एक्स प्रोबच्या टोकाशी ९ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर साधारण ११ पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. स्कोपच्या बाजूला १ मेगाओहम असतो आणि त्याच्याबरोबर केबल, ट्रिमर आणि स्कोपचा इनपुट यांचे मिळून कपॅसिटन्स असते. दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स हा गुणाकार सारखा झाला, म्हणजे स्कोपच्या बाजूला ९९ पिकोफॅरड भरले, की मंद आणि जलद दोन्ही सिग्नल बरोबर दहाने भागले जातात. ट्रिमर फिरवून आपण हा ९९ चा आकडा जुळवतो.

स्कोपच्या पुढच्या बाजूची १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह लावली. जुळणी चुकलेली असेल तर लहरीचा माथा सुमारे १०० मायक्रोसेकंदांच्या कालस्थिरांकाने सावकाश सरकतो. १ किलोहर्ट्झचे अर्धे आवर्तन ५०० मायक्रोसेकंदांचे असल्यामुळे ते सरकणे त्यात पूर्ण दिसते, आणि म्हणूनच ही वारंवारता निवडलेली असते. पुढचा कोपरा गोल होऊन माथा चढत असेल तर प्रोब अंडर-कॉम्पेन्सेटेड असतो. कोपरा टोकदार होऊन माथा उतरत असेल तर ओव्हर-कॉम्पेन्सेटेड. माथा उभ्या दिशेने मोठा करून पाहिला म्हणजे दोन-तीन टक्क्यांची चूकही नजरेत येते. पूर्ण लहर पडद्यावर ठेवून जुळवणी केली तर ती सहज निसटते. ट्रिमर प्लॅस्टिकच्या पेचकसानेच फिरवावा. धातूचा पेचकस लावलेला असेपर्यंत माथा सपाट दिसतो आणि काढून घेतला की पुन्हा कलतो, कारण धातू जवळ असताना कपॅसिटन्स बदललेले असते.

पिवळ्या कडीचा प्रोब लगेच जुळला. निळ्या कडीच्या प्रोबचा ट्रिमर शेवटपर्यंत फिरवला तरी कोपऱ्यावरचे टोक गेले नाही. तो दुसऱ्या, जुन्या स्कोपबरोबर आलेला प्रोब आहे आणि त्याची जुळणी २० पिकोफॅरडपासून पुढच्या इनपुटसाठी आहे. आमच्या स्कोपचा इनपुट १५ पिकोफॅरडचा असल्याने ट्रिमर पूर्ण भरूनही स्कोपच्या बाजूचे कपॅसिटन्स कमीच पडते. बीएनसीजवळ छापलेला आकडा आणि प्रोबच्या कागदावरचा पल्ला शेजारी ठेवून पाहिले असते तर हे काम सुरू करण्याआधीच कळले असते. निळा प्रोब या कामातून काढून टाकला.

१२ नोव्हेंबर

कॉम्पेन्सेशन चुकले तर राइज टाइम नेमका किती चुकतो, हे पाहण्यासाठी पिवळ्या प्रोबची जुळणी आज मुद्दाम बिघडवली. या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे, कारण येथे अपेक्षा आणि निकाल यांत फरक पडला.

१ किलोहर्ट्झच्या लहरीवर कोपरा ९६ टक्क्यांवर येईल इतपत ट्रिमर सरकवला. त्यानंतर कार्डाचा १ मेगाहर्ट्झचा क्लॉक पाहिला, तर लहर पूर्ण चौकोनी होती. गोल कोपरा नाही, चढता माथा नाही. अर्धे आवर्तन अर्ध्या मायक्रोसेकंदाचे असताना १०० मायक्रोसेकंदांची ती सरक दिसणे शक्यच नव्हते. मात्र लहरीची उंची ३.३ ऐवजी ३.१६ व्होल्ट झाली होती, आणि खालची पातळी शून्यावर न बसता ०.०७ व्होल्टवर आली होती. लहरीचा बदलता भाग चार टक्क्यांनी आखडला होता आणि तिची सरासरी जागच्या जागी होती, त्यामुळे वरून आणि खालून दोन्हीकडून ती सारखीच आत आली. ज्या पॅडवर शून्य अपेक्षित आहे तेथे खालची पातळी थोडी वर दिसू लागली, तर कार्डाला दोष देण्याआधी प्रोब १ किलोहर्ट्झवर लावून पाहावा.

स्कोपचे स्वयंचलित राइज टाइम मापन दिसणाऱ्या माथ्याच्या आणि पायाच्या १० ते ९० टक्क्यांवर चालते. तो आकडा जवळपास हलला नाही. ग्राहकाची अट मात्र व्होल्टमध्ये आहे. ०.३३ आणि २.९७ व्होल्टवर कर्सर ठेवले तेव्हा ते आखडलेल्या लहरीच्या सुमारे ८ आणि ९२ टक्क्यांवर पडले. एजच्या पायथ्याशी आणि माथ्याशी चढण मंद असते, त्यामुळे एजच्या आकारानुसार राइज टाइम ४ ते ९ टक्क्यांनी जास्त भरतो. ३ नॅनोसेकंदांच्या मोजणीत ही चूक अटीच्या सीमेवर उभे करणारी आहे.

उलट परिस्थितीही करून पाहिली. ट्रिमर इतका सरकवला की कोपरा ८५ टक्क्यांवर आला, आणि १ किलोहर्ट्झच्याच लहरीवर स्वयंचलित मापन लावले. ९० टक्क्यांची पातळी आता सावकाश चढणाऱ्या भागात गेल्याने स्कोपने ४० ते ५० मायक्रोसेकंद असा राइज टाइम दाखवला. असा आकडा दिसला की कोणीही थबकेल. ४ टक्क्यांच्या चुकीसारखी ही चूक गुपचूप पुढे जात नाही.

यातून कामाची विभागणी स्पष्ट झाली. कॉम्पेन्सेशनमुळे उंची आणि पातळ्या खऱ्या ठरतात. एज किती जलद दिसू शकते याबद्दल १ किलोहर्ट्झची लहर काहीच सांगत नाही. तिची स्वतःची एजही आमच्या स्कोपवर इतकी मंद आहे की तिच्यावरून बँडविड्थ तपासता येत नाही. त्यासाठी वेगळा, स्कोपपेक्षा बराच जलद स्रोत हवा. प्रोब पुन्हा नीट जुळवून ठेवला.

१५ नोव्हेंबर

बँडविड्थ तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे जाणारा, सपाट पातळीचा साइन वेव्ह जनरेटर लावून उंची ७०.७ टक्क्यांवर कोठे येते ते पाहणे. आमचा जनरेटर २५ मेगाहर्ट्झवर थांबतो. म्हणून जलद एजचा मार्ग धरला. जिम विल्यम्स यांनी लिनियर टेक्नॉलॉजीच्या १९९१ च्या अॅप्लिकेशन नोट ४७ मध्ये 2N2369 या साध्या ट्रान्झिस्टरचा अॅव्हलांच पल्सर दिला आहे. त्याची एज सुमारे ३५० पिकोसेकंदांची असते. आमच्या स्कोपच्या १.७५ नॅनोसेकंदांपुढे ही भर वर्गाने मिळवल्यावर दोन टक्क्यांच्या आसपासच राहते.

ट्रान्झिस्टर, ५० ओहमचा फीड-थ्रू टर्मिनेटर, २० डेसिबलचा अॅटेन्युएटर आणि आरजी-५८ केबल पुण्याच्या बुधवार पेठेतून कुरिअरने मागवले. एकूण खर्च सुमारे १,८०० रुपये झाला, आणि त्यातला मोठा वाटा टर्मिनेटर आणि अॅटेन्युएटरचा. पल्सरला लागणाऱ्या ९० व्होल्टसाठी वेगळे काही बांधले नाही. ज्यांची आउटपुट अर्थपासून मोकळी आहेत असे तीन ३० व्होल्टचे बेंच सप्लाय एकापाठोपाठ जोडले. हा व्होल्टेज हाताला झटका देण्याइतका आहे, म्हणून सर्किट झाकणाच्या डबीत बसवले.

कलेक्टरला ९० व्होल्टपासून १ मेगाओहम, बेस १० किलोओहमने ग्राउंडला, एमिटरवर ५० ओहम, आणि कलेक्टरपासून ग्राउंडला २ पिकोफॅरड अशी रचना केली. पहिला ट्रान्झिस्टर काही केल्या अॅव्हलांचमध्ये जाईना. आउटपुटवर काहीही नव्हते. हा वापर उत्पादकाने हमी दिलेल्या गुणधर्मांत बसत नाही, त्यामुळे प्रत्येक ट्रान्झिस्टर चालेलच असे नसते. पाकिटातला दुसरा नग लावताच पल्स सुरू झाले. असे सर्किट करताना दोन-चार ट्रान्झिस्टर जास्तच घ्यावेत.

१६ नोव्हेंबर

पल्स मिळाला तरी तो उपयोगाचा नव्हता. स्कोपवर माथा नसलेला अरुंद डोंगर दिसत होता. २ पिकोफॅरडमध्ये साठलेला चार्ज स्कोपची एज पूर्ण चढण्याआधीच संपतो. अशा लहरीवरही स्कोप राइज टाइमचा आकडा देतो, पण लहर आपल्या खऱ्या उंचीला पोहोचलेलीच नसल्याने त्या आकड्याला अर्थ नसतो. माथा सपाट दिसत नसेल तर राइज टाइम वाचायचाच नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे.

कपॅसिटर काढून त्याच्या जागी दीड मीटर आरजी-५८ केबलचा तुकडा लावला आणि त्याचे दुसरे टोक मोकळे सोडले. या केबलमधून सिग्नल मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. जाऊन-येऊन १५ नॅनोसेकंद होतात आणि पल्सचा माथा तेवढा रुंद मिळतो. आता उंची बरीच वाढते, म्हणून अॅटेन्युएटर मध्ये ठेवल्याशिवाय हा पल्सर स्कोपला जोडू नये.

पल्सर, अॅटेन्युएटर, ५० ओहमचा टर्मिनेटर आणि स्कोप, मध्ये प्रोब नाही, अशी जोडणी केली. राइज टाइम १.८ नॅनोसेकंद आला. ०.३५ ला त्याने भागले की १९४ मेगाहर्ट्झ, आणि पल्सरची स्वतःची भर वजा केली की १९८. स्कोपवरचा २०० चा छापील आकडा खरा ठरला. दुसरा चॅनेल चालू करताच मात्र हाच आकडा प्रत्येक ट्रिगरला १.६ ते २.२ दरम्यान उड्या मारू लागला. दोन चॅनेल चालू असताना नमुने अर्धे होतात आणि दोन नमुन्यांत १ नॅनोसेकंदाचे अंतर पडते. एवढ्या एजवर मग एक-दोनच बिंदू येतात आणि उरलेली रेघ स्कोप अंदाजाने भरतो. राइज टाइम मोजताना दुसरा चॅनेल बंद ठेवणे भाग आहे.

१७ नोव्हेंबर

आज प्रोबसह तपासणी. बीएनसीच्या मागच्या बाजूला १०० ओहमचे दोन एसएमडी रेझिस्टर समांतर डकवून ५० ओहमचे एक टोक तयार केले. प्रोबची सुई मधल्या पिनवर टेकते आणि ग्राउंड बीएनसीच्या कवचाला मिळतो.

आधी नेहमीच्या १५ सेंटिमीटरच्या ग्राउंड लीडने पाहिले. एजनंतर लहर साधारण एक चतुर्थांश वर उसळली आणि सुमारे साडेआठ नॅनोसेकंदांच्या आवर्तनाने थरथरत खाली बसली. राइज टाइम २.८ नॅनोसेकंद आला. शेजारी बसलेले सहकारी म्हणाले, "दादा, नुसता केबलला हात लावला तरी आकडा हलतोय बघा." त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते आणि तीच या दोषाची पक्की खूण आहे. तारेचे इंडक्टन्स मिलिमीटरला ढोबळमानाने १ नॅनोहेन्री धरतात. १५० नॅनोहेन्री आणि प्रोबच्या टोकाचे १२ पिकोफॅरड मिळून ११९ मेगाहर्ट्झवर रेझोनन्स होतो, म्हणजे आवर्तन ८.४ नॅनोसेकंद. पडद्यावर मोजलेल्या थरथरीशी हे जुळले. ग्राउंड लीडचा हा वेटोळा आजूबाजूचा त्रासही उचलतो. आमच्या वसाहतीत फाउंड्रीच्या इंडक्शन भट्ट्या चालू असतात, तेव्हा तो पायथ्याच्या रेषेवर स्पष्ट दिसतो.

क्लिप काढून प्रोबच्या टोकावर ग्राउंड स्प्रिंग बसवली. हुकाची टोपी काढून सुईशेजारच्या धातूच्या कड्यावर ही स्प्रिंग चढते, आणि तिचे टोक सुईपासून काही मिलिमीटरवर कवचाला टेकते. उसळी जवळपास गेली, केबलला हात लावून आकडा हलेना, आणि राइज टाइम २.३ नॅनोसेकंदांवर स्थिरावला. प्रोब आणि स्कोप दोन्ही २०० मेगाहर्ट्झचे असले तरी मिळून ते २०० चे राहत नाहीत. येथे जोडीची बँडविड्थ सुमारे १५० मेगाहर्ट्झ भरली. प्रोबच्या पाकिटावरचा आकडा साखळीचा आकडा म्हणून वापरला असता तर पुढचे गणित चुकले असते.

प्रोबच्या बीएनसी डबीत आणखी दोन लहान ट्रिमर आहेत. ते एजनंतरच्या पहिल्या काही नॅनोसेकंदांचा आकार ठरवतात. आता जलद एज हाताशी असल्याने ते जुळवता आले असते, पण स्प्रिंगसह माथा सपाटच होता, म्हणून त्यांना हात लावला नाही.

१८ नोव्हेंबर

कार्ड परत घेतले. रिसीव्हरच्या टेस्ट पॅडशेजारी ग्राउंडचा लेप खरवडून तांबे उघडे केले, कारण स्प्रिंगला टेकायला जवळ जागा नव्हती. पुढच्या बोर्डात तेथे ग्राउंडचा वेगळा पॅड देणार आहोत. एकच चॅनेल, BW Limit बंद, प्रोब सकाळीच १ किलोहर्ट्झवर तपासलेला. ०.३३ ते २.९७ व्होल्टमध्ये राइज टाइम ३.८ नॅनोसेकंद मिळाला. साखळीचा वाटा काढून टाकल्यावर:

```
t = sqrt(3.8^2 - 2.3^2) = 3.0 ns
```

हे सूत्र दोन्ही एज साधारण घंटेच्या आकाराच्या प्रतिसादातून आल्या आहेत असे मानते, म्हणून ते ताणू नये. सिग्नल साखळीच्या तिप्पट मंद असेल तर दुरुस्ती न करताही चूक ५ टक्क्यांच्या आसपास राहते. आमचा सिग्नल जेमतेम १.३ पट मंद आहे, त्यामुळे दुरुस्ती मोठी आहे आणि तिच्यातली अनिश्चितताही मोठी. साखळीचा आकडा २.१ धरला तर उत्तर ३.२ येते, २.५ धरला तर २.९. त्यात वाचनातली ०.१ नॅनोसेकंदाची चूक धरून आम्ही ३.० अधिक-उणे ०.२ नॅनोसेकंद असे लिहिले.

प्रोबमुळे सर्किट स्वतःच किती मंद होते हे वजाबाकीतून पूर्ण निघत नाही, कारण टेस्ट पॅडचा स्रोत-रोध पल्सरच्या जोडणीइतकाच असेल असे नाही. ते पाहण्यासाठी पिवळ्या प्रोबच्याच जातीचा आणखी एक प्रोब त्याच पॅडवर टेकवला. त्याचा बीएनसी दुसऱ्या चॅनेलला जोडलेला, पण चॅनेल बंद. आकडा ३.८ चा ३.९ झाला. दुसऱ्या प्रोबने जेवढी भर घातली, पहिल्यानेही साधारण तेवढीच घातली असणार. म्हणजे प्रोब नसताना एज ३.० पेक्षा जास्त मंद असण्याची शक्यता नाही. असलीच तर किंचित जलदच असेल.

३.२ ही वरची मर्यादा धरली तरी कार्ड ३.५ च्या अटीत बसते. ३३ ओहमचा सिरीज रेझिस्टर आहे तसाच ठेवला.

२० नोव्हेंबर

ग्राहकाला पाठवायच्या कागदावर ३.८ हे कच्चे वाचन, २.३ ही साखळी आणि ३.० हे दुरुस्त मूल्य असे तिन्ही आकडे वेगळे लिहिले. त्यांच्याकडे ५०० मेगाहर्ट्झचा स्कोप असेल तर त्यांचे कच्चे वाचन आमच्यापेक्षा कमी येईल आणि फरक कोठून आला हे त्यांना कळेल. पिवळा प्रोब पहिल्या चॅनेलसाठी राखून ठेवला आहे. तो दुसऱ्या चॅनेलला लावला की माथा किंचित कलतो, कारण दोन इनपुटांचे कपॅसिटन्स काटेकोर सारखे नसते. चॅनेल बदलला की जुळवणी पुन्हा. पल्सरच्या डबीवर अॅटेन्युएटर लावण्याची सूचना लाल शाईने लिहून ती स्कोपच्याच कप्प्यात ठेवली आहे.